पाठ असलेल्या मंत्राचा अर्थ विचारायचा असेल तर संस्कृतच्या सरांना पत्र कसं लिहावं

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या देवळांत पूजा करणारे बरेचसे गुरव आणि भटजी मंत्र कानाने शिकलेत. वडील म्हणायचे, मुलगा शेजारी बसून ऐकायचा, तोंडात बसेपर्यंत म्हणायचा. पुस्तक असलंच तर आरतीसंग्रहाचं, त्यातही छपाईच्या चुका. मग कधीतरी गावातला कॉलेजात जाणारा पोरगा विचारतो, ‘काका, याचा अर्थ काय?’ आणि उत्तर देता येत नाही. तेव्हा तालुक्याच्या हायस्कुलातल्या संस्कृतच्या सरांना किंवा मॅडमना पत्र जातं. मी संस्कृत शिकवतो, अशी पत्रं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांत एकच अडचण असते. मंत्र ‘शुद्ध करून’ लिहिलेला असतो. लिहिणाऱ्याने आपल्या अंदाजाने शब्द तोडलेले असतात, ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं असतं, आणि आपण रोज काय म्हणतो ते कागदावर येतच नाही. उत्तर शोधायला नेमकं तेच लागतं.

म्हणून इथे एक उदाहरण पूर्ण उलगडतो. मंत्र सगळ्यांच्या ओळखीचा घेतो, मंत्रपुष्पांजली. गणपतीत घरोघरी म्हणतात तीच. तिच्यातला शेवटचा श्लोक खानापूरकडच्या एखाद्या गावात मारुतीच्या देवळाच्या गुरवाला सरांना विचारायचा आहे असं धरू.

आधी म्हणा, मग लिहा

पाठ असलेली गोष्ट सावकाश म्हणायला गेलं की अडखळते. म्हणून पहिल्यांदा मोबाईलवर रेकॉर्ड करा, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या चालीत. फक्त घंटा आणि झांज बंद ठेवा, आणि बाकीच्या मंडळींना गप्प बसायला सांगा, कारण दहा जण एकत्र म्हणतात तेव्हा कुणाचं अक्षर कुणाच्या तोंडातलं ते कळत नाही. मागचा-पुढचा भागही रेकॉर्डमध्ये येऊ द्या. नुसता अडलेला शब्द म्हणून पाठवला तर तो जरा वेगळाच उच्चारला जातो.

आता ते रेकॉर्डिंग ऐकत लिहायचं. इथे माझा आग्रह असा की एक प्रत तुम्ही लिहा आणि दुसरी घरातल्या एखाद्या मुलाकडून लिहून घ्या, ज्याला मंत्र पाठ नाही. पाठ असणारा माणूस कानाने ऐकतो, पण लिहितो ते डोक्यातलं. मूल कन्नड शाळेत जात असेल तर त्याला कन्नडमध्येच लिहू द्या, तो तर मोठा फायदा आहे. मराठीत आपण ‘सभासद’ लिहितो आणि शेवटचा अ गिळून ‘सभासद्’ म्हणतो. वाचणाऱ्याला कळत नाही की म्हणणाऱ्याने शेवटचा अ म्हटला की गाळला. कन्नडमध्ये अक्षर लिहिलं की त्यातला अ म्हणायचाच असतो, आणि नसेल तर ते मूल अक्षर अर्धं करून दाखवतं. सर कन्नड लिपी वाचू शकतात, आपल्या भागात तेवढं गृहीत धरायला हरकत नाही.

लिहिताना एका दमाला एक ओळ. जिथे श्वास घेता तिथे ओळ मोडा, मग ती शब्दाच्या मधोमध मोडली तरी चालेल. शब्द तोडू नका, जोडून ऐकू आलं तर जोडूनच लिहा. ‘देवाः’ ला ‘देवाहा’ म्हणत असाल तर ‘देवाहा’ लिहा. ‘यज्ञ’ ला कुणी ‘यद्न्य’ म्हणतं, कन्नड वळणाने कुणी ‘यग्न्य’ म्हणतं. या फरकाने अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नका, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर मात्र जसं आहे तसं येऊ द्या.

घरात जुनी वही असेल तर त्या पानाचा फोटो जोडा आणि लिपी कोणती ते लिहा. वही मोडीत असेल तर ते सांगणं फार गरजेचं आहे, कारण मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ साधारणपणे वेगळा दाखवत नाहीत. मोडीवरून नक्कल केलेल्या मंत्रात दीर्घ दिसला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे सरांना आधी माहीत असलं की ते तिथे वेळ घालवत नाहीत.

पत्रात आणखी काय हवं

मंत्र कोणत्या क्षणी म्हणता ते लिहा. आरतीनंतर हातात फुलं घेऊन, की स्नान घालताना, की नैवेद्याला. यावरून सर निम्मी वाट चालून जातात. कोणाकडून शिकलात आणि ते कुठले, हेही लिहा. घराणं कोकणातून उतरलेलं असलं आणि दुसरं धारवाडकडचं असलं तर पाठात फरक सापडू शकतो.

आणि प्रश्न नेमका विचारा. ‘पूर्ण अर्थ कळवावा’ असं लिहिलं की सर चार ओळींचा भावार्थ पाठवतात आणि तुमची शंका तशीच राहते. तुम्हाला आजवर काय वाटत आलं ते सांगा, भले ते चूक असो. त्यावरूनच कळतं की कोणत्या अक्षरापाशी घसरलं.

पत्र साधारण असं व्हावं:

॥ श्री ॥

श्री. सर यांस सा. न. वि. वि.

मी गावातल्या मारुतीच्या देवळाचा गुरव. पूजा वडिलांकडून आली, मंत्र त्यांच्याच तोंडून शिकलो. पुस्तक नाही. रोज आरती झाल्यावर हातात फुलं घेऊन मंत्रपुष्पांजली म्हणतो. तिचा शेवटचा भाग मी खाली लिहितो तसा म्हणतो. एका दमाला एक ओळ आहे, सुधारलेलं काही नाही. रेकॉर्डिंग आणि नातीने कन्नडमध्ये लिहिलेला कागद सोबत पाठवला आहे.

तदप्येश श्लोको भिगीतो
मरुतहा परिवेष्टारो मरुतस्या
वसन गृहे आविक्षितस्य काम
प्रेर्विश्वेदेवा सभासदिती

यात मरुत हे नाव दोनदा येतं म्हणून हा श्लोक मारुतीरायाचा आहे असं मी आजवर समजत आलो. वडीलही तसंच सांगायचे. हनुमान जयंतीला एका मुलाने विचारलं की मग गणपतीपुढे का म्हणता, त्याचं उत्तर मला आलं नाही. दुसरं, ‘वसन’ म्हणजे वस्त्र ना? मग इथे वस्त्राचा काय संबंध? या दोन गोष्टी कळवाव्यात. माझं म्हणणं कुठे चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगावं.

कळावे, लोभ असावा.

एवढं पुरे. या पत्रात सरांना हवं ते सगळं आहे, विशेषतः ‘मरुतस्या’ मधला दीर्घ आ. गुरवांनी तो ‘चूक’ समजून ‘मरुतस्य’ केला असता तर उत्तराची किल्लीच हरवली असती.

सर काय करतात

संस्कृत शिकवणारा माणूस आधी अक्षरं मोजतो. ‘श्लोक’ असं पत्रातच म्हटलंय, म्हणजे अनुष्टुभ् असण्याची शक्यता जास्त. आठ अक्षरांचे चार चरण. ‘तदप्येश श्लोको भिगीतो’ हे त्या मोजणीत बसत नाही. ती श्लोकाची प्रस्तावना आहे, श्लोक त्यानंतर सुरू होतो. पुढे म-रु-तः-प-रि-वे-ष्टा-रो, आठ. म-रुत्-त-स्या-व-सन्-गृ-हे, आठ. आ-वि-क्षि-त-स्य-का-म-प्रेर्, आठ. शेवटचा चरण वि-श्वे-दे-वाः-स-भा-स-द. गुरवांच्या तोंडी तो ‘सभासदिती’ असा येतो, त्यातलं ‘इति’ बाजूला काढलं तर उरतं ‘सभासद्’, आणि मग सातच अक्षरं होतात. म्हणजे एक अक्षर गिळलं गेलंय. मूळ शब्द ‘सभासदः’, पुढे ‘इति’ आल्यामुळे विसर्ग जातो आणि ‘सभासद इति’ राहतं. यात द पूर्ण म्हणायचा.

मोजणीने सगळं सापडत नाही हेही लक्षात ठेवा. ‘मरुतस्या’ म्हटलं काय आणि ‘मरुत्तस्या’ म्हटलं काय, अक्षरं तेवढीच. तो फरक रेकॉर्डिंगमध्येच कळतो, किंवा मूळ ग्रंथ सापडल्यावर.

मूळ सापडतं ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या ग्रंथात. मंत्रपुष्पांजली हा एकसलग मंत्र नाहीच, वेगवेगळ्या ठिकाणचे चार तुकडे एकत्र आलेत. ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’ ही पुरुषसूक्तातली शेवटची ऋचा, ऋग्वेद १०.९०.१६. ‘राजाधिराजाय’ हा कुबेराचा मंत्र तैत्तिरीय आरण्यकातला. ‘साम्राज्यं भौज्यं’ ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतल्या पंधराव्या खंडातलं, आणि आपला श्लोक त्याच पंचिकेच्या एकविसाव्या खंडातला. शतपथ ब्राह्मणातही तो येतो. चरणाच्या सुरुवातीवरून मूळ शोधायचं असेल तर ब्लूमफील्डने १९०६ साली छापलेली वैदिक मंत्रांची मोठी सूची आहे. ऐतरेय ब्राह्मण मार्टिन हाउगने १८६३ साली मुंबईत छापलं होतं. हाउग पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायचा. गावातल्या माणसाने हे ग्रंथ शोधावेत असं मी म्हणत नाही, पण सरांनी उत्तरात मूळ ठिकाणाचा आकडा दिलाय का ते जरूर बघा.

उत्तर कसं असावं आणि ते कसं तपासावं

चांगल्या उत्तरात तीन गोष्टी असतात. पहिली पदच्छेद, म्हणजे शब्द सुटे करून: तत् अपि एषः श्लोकः अभिगीतः। मरुतः परिवेष्टारः मरुत्तस्य अवसन् गृहे। आविक्षितस्य कामप्रेः विश्वे देवाः सभासदः इति॥ दुसरी अन्वय, म्हणजे मराठीच्या क्रमाने शब्द लावणं: मरुतः मरुत्तस्य गृहे परिवेष्टारः अवसन्, विश्वे देवाः कामप्रेः आविक्षितस्य सभासदः। आणि तिसरी अर्थ: ‘याविषयी हा श्लोकही गायला गेला आहे. मरुत् देव मरुत्त राजाच्या घरी वाढपी होऊन राहिले, आणि मागितलेलं पुरवणाऱ्या त्या अविक्षिताच्या मुलाच्या सभेत विश्वेदेव सभासद होते.’

म्हणजे गुरवांच्या दोन्ही शंका सुटल्या. मरुत् हे देवांचं एक गण, इथे अनेकवचनात. मरुत्त हा वेगळा शब्द, दोन त असलेला, राजाचं नाव. मारुतीचा या श्लोकाशी संबंध नाही. नावं एकमेकांना लागून आल्यामुळे तसा समज होणं अगदी साहजिक आहे, त्यातून एक त म्हणताना निसटला तर दोन्ही शब्द एकच वाटतात. ‘वसन’ हा शब्द तर तिथे नाहीच. ‘मरुत्तस्य’ आणि ‘अवसन्’ जोडले गेले, स्य मधला अ आणि पुढचा अ मिळून आ झाला. ‘अवसन्’ म्हणजे ‘राहिले’.

आणि गणपतीपुढे का? ऐतरेय ब्राह्मणाच्या त्या भागात राजाच्या महाभिषेकाचं वर्णन आहे. हा राजा चौफेर सत्ता असलेला, पूर्ण आयुष्याचा, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा होवो, अशी पुरोहिताची इच्छा पंधराव्या खंडात आहे. एकविसाव्या खंडात असा अभिषेक झालेल्या राजांची नावं येतात, त्यात संवर्त आंगिरसाने अभिषेक केलेला आविक्षित मरुत्त आहे, आणि त्याच्या वैभवाची साक्ष म्हणून हा जुना श्लोक दिलाय. मरुत्त आणि संवर्ताची गोष्ट महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातही आहे. श्लोक कुठल्याच एका देवाचा नाही, म्हणून मारुतीपुढेही म्हणता येतो आणि गणपतीपुढेही. त्या मुलाला हे उत्तर बेलाशक द्यावं.

आता तपासणी. सरांनी दिलेला पदच्छेद घ्या, सुटे शब्द पुन्हा जोडून म्हणा, आणि आपल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. प्रत्येक अक्षराचा हिशोब लागला पाहिजे. समजा एखाद्या सरांनी घाईत लिहिलं की ‘वसन् म्हणजे राहणारा’. व्याकरणात तसा शब्द आहे, त्यामुळे खरं वाटतं. पण मग ‘मरुत्तस्य वसन्’ असं व्हायला हवं होतं. तुमच्या तोंडात ‘स्या’ आहे, त्या दीर्घ आ चा हिशोब लागत नाही. शिवाय ‘वसन्’ एकाबद्दल बोलतं आणि मरुत् अनेक आहेत. असं एक अक्षर जरी उरलं तरी दुसरं पत्र लिहा आणि तेवढंच विचारा, ‘सर, हा आ कुठून आला?’ विचारायला संकोच करू नका. शिकवणाऱ्याला असा प्रश्न आला की आनंदच होतो.

अशीच एक जागा आधीच्या तुकड्यात आहे, तिथे शिकलेला माणूसही चुकतो. ‘पृथिव्यै समुद्रपर्यन्ताया एकराळिति’. शाळेत शिकवतात त्या व्याकरणात ‘पृथिव्यै’ म्हणजे ‘पृथ्वीला’, चतुर्थी. पण ब्राह्मण ग्रंथांच्या भाषेत हे रूप षष्ठीच्या अर्थानेही येतं, आणि पुढे एकच राजा असं म्हटलंय, तो कशाचा राजा हे सांगायला षष्ठीच लागते. तेव्हा अर्थ ‘समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा’. उत्तरात ‘पृथ्वीला’ आलं तर ‘राजा पृथ्वीला की पृथ्वीचा?’ असं विचारा. तिथलं ‘एकराळ्’ कोशात ळ खाली सापडत नाही, कारण मूळ शब्द ‘एकराट्’. ऋग्वेदाच्या पाठात दोन स्वरांमधला ड हा ळ होतो, ‘अग्निमीळे’ मधला ळ तोच. तो ळ शुद्ध आहे, कुणी ‘एकराडिति’ करायला सांगितलं तर बदलू नका.

म्हणण्यात बदल कसा करावा

अर्थ कळला की दम घ्यायच्या जागा बदलतात, आणि हेच सगळ्यात अवघड असतं. ‘काम’ वर श्वास तुटत होता, आता ‘कामप्रेः’ पूर्ण म्हणायचं. सोपा मार्ग असा: प्रस्तावनेनंतर थांबा, मग दर सोळा अक्षरांना एक दम. ‘मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे’, दम, ‘आविक्षितस्य कामप्रेर्विश्वे देवाः सभासद इति’. सोळा अक्षरं एका दमात झेपत नसतील तर आठांवर थांबा, पण शब्दाच्या पोटात नको. आरतीच्या वेळी लगेच बदलू नका, बाकीची मंडळी जुन्या पद्धतीने म्हणत असतात आणि गोंधळ होतो. सकाळच्या एकट्याच्या पूजेत नवीन पाठ बसवा, तोंडात पक्का झाला की मग सगळ्यांसमोर.

संस्कृतचे सर अर्थ आणि अक्षरं सांगतील, पण स्वर त्यांच्याकडे मागू नका. उदात्त-अनुदात्ताची चाल वेदपाठ केलेल्या माणसाकडून, समोर बसूनच शिकावी लागते. कागदावरच्या आडव्या-उभ्या रेघा बघून ती येत नाही.

मंत्र संस्कृत नसेल तर

आपल्या भागात हे बरंच होतं. ग्रामदेवतेच्या पूजेत जे म्हणतात त्यातला काही भाग जुन्या कन्नडचा असतो, काही मराठीचा, आणि मधे संस्कृत शब्द. ओळींच्या शेवटी ‘अल्लि’, ‘अदु’, ‘इंद’ असे शेवट ऐकू आले तर तेच पत्र, तेच रेकॉर्डिंग कन्नडच्या सरांना पाठवा आणि दोघांनाही एकमेकांची माहिती द्या. ‘ह्रीं’, ‘क्लीं’ अशी बीजाक्षरं असतील तर त्यांचा शब्दार्थ मागू नका. तो व्याकरणाने निघत नाही, आणि कुणी अक्षर-अक्षर फोडून गोड अर्थ दिलाच तर तो परंपरेचा संकेत असतो, भाषेचा नव्हे.

सरांचं उत्तर आलं की त्याची एक प्रत देवळातल्या वहीत चिकटवा, तारखेसह, आणि आपण आधी कसं म्हणत होतो ते शेजारी तसंच राहू द्या. पुढे दुसऱ्या गावचा कोणी तोच पाठ म्हणताना भेटला तर दोन्ही ताडून बघायला ती जुनी नोंदच लागते.